छोटा फुगा शेवटी जातो कुठे?

(एका वाचनालयाच्या हॉलमध्ये रविवारी संध्याकाळी दिलेलं व्याख्यान. रेकॉर्डिंगवरून उतरवून थोडं साफसूफ केलंय, बोलण्याची पद्धत तशीच ठेवलीय.)

ऐकू येतंय ना मागे? पंखा एक नंबरवर ठेवा प्लीज, नाहीतर माझे फुगे राहणार नाहीत. पूर्ण बंद नको, लोक झोपतील.

तर मी बावीस वर्षं अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवलं आणि त्या बावीस वर्षांत पृष्ठताणाचा चॅप्टर आला की दरवर्षी एक प्रश्न मला छळायचा. प्रश्न तुमच्यापैकी निम्म्या लोकांनी परीक्षेत सोडवलाय. साबणाचे दोन फुगे, एक लहान एक मोठा, एका नळीने जोडले, मधला कॉक उघडला, काय होईल? हात वर करा. हवा मोठ्यातून छोट्यात जाईल म्हणणारे? बरं, सहा-सात. दोघं सारखे होतील म्हणणारे? हे बघा, प्रामाणिक लोक आहेत. आणि छोट्यातून मोठ्यात? हां, हे सगळे क्लासवाले. तुमचं उत्तर बरोबर आहे, मार्क मिळाले, पण आज मी तुमच्यासाठीच आलेय, कारण मला पुढचा प्रश्न विचारायचाय. हवा मोठ्यात गेली, मान्य. मग छोटा फुगा शेवटी जातो कुठे? एवढंच सांगायचंय आज. चाळीस मिनिटं दिलीयत, वीस मिनिटांत होईल.

(हशा)

हसू नका, खरंच होईल.

आधी थोडी पूर्वतयारी, ज्यांना आठवतंय त्यांनी चहाचा विचार करा तोवर. साबणाच्या फुग्याच्या आत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त असतो. किती जास्त, त्याचं सूत्र 4T/r, T म्हणजे पृष्ठताण, r म्हणजे त्रिज्या. हे पाठ सगळ्यांना असतं, पण कुठून आलं विचारलं की वर्गात एकदम शांतता. सोपं आहे. फुगा मनातल्या मनात मोसंब्यासारखा मधोमध कापा. आतला जास्तीचा दाब दोन अर्धुकं एकमेकांपासून लांब ढकलतोय, आणि तो ढकलतोय कापलेल्या गोल चकतीवर, म्हणजे πr² एवढ्या जागेवर. त्यांना धरून कोण ठेवतंय? फक्त काठ, साल म्हणा. काठाची लांबी 2πr, आणि साबणाच्या पडद्याला आतली एक आणि बाहेरची एक अशा दोन बाजू, म्हणून खेच दुप्पट, 4πrT. दोन्ही बरोबरीला आणा, 4T/r मिळालं. पाण्याच्या थेंबाला एकच बाजू असते म्हणून तिथे 2T/r, आणि परीक्षेत हे चार आणि दोन उलटे लिहिण्याची परंपरा माझ्या आधीपासून चालू आहे.

आता यातली गंमत बघा. फुगा मोठा झाला की काठ त्रिज्येच्या पटीत वाढतो, पण चकती वाढते त्रिज्येच्या वर्गाच्या पटीत. म्हणजे मोठ्या फुग्याला फुगलेलं राहायला दाब कमी लागतो. छोट्यात दाब जास्त! आपल्या सगळ्या सवयीच्या उलट आहे हे. आपल्याला वाटतं जो टम्म फुगलाय त्याच्यात दाब जास्त असणार, टायरमुळे असेल, माणसांमुळेही असेल. साबणाच्या फुग्यात तसं नाही, तिथे लहानखुराच जास्त तापट.

पण तापट म्हणजे किती? हे वर्गात कुणी सांगत नाही. साबणाच्या पाण्याचा पृष्ठताण साधारण ०.०२५ न्यूटन प्रति मीटर धरा, साध्या पाण्याच्या जवळजवळ एक तृतीयांश. लोकांना वाटतं साबणाने पाणी ‘घट्ट’ होतं म्हणून फुगे येतात, उलटंय, साबण ताण कमी करतो. तर १ सेंटिमीटर त्रिज्येचा फुगा, म्हणजे एवढा, बोराएवढा. त्यात जास्तीचा दाब १० पास्कल. ३ सेंटिमीटर त्रिज्येचा, मोसंब्याएवढा, त्यात ३.३ पास्कल. बाहेरचा हवेचा दाब आहे सुमारे एक लाख पास्कल. म्हणजे लाखात दहाचा फरक. तुम्ही आत्ता उभे राहिलात तर तुमच्या डोक्याजवळच्या आणि कमरेजवळच्या हवेच्या दाबात जेवढा फरक असेल ना, साधारण तेवढाच. हा एवढासा फरक, आणि त्याच्या जोरावर आपण आज सगळं करणार आहोत.

बरं, आता माझं दुखणं. हे मी सांगणारच होते, तुम्ही काही म्हणा.

माझी बारावीची प्रॅक्टिकल. मला कॅपिलरी राइज आलं होतं, काचेची बारीक नळी पाण्यात उभी आणि ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपमधून पाण्याची चढण वाचायची. रीडिंग्ज बरी आली होती, म्हणजे आणली होती, तेव्हा सगळेच आणायचे. मग व्हायवाला एक्सटर्नल समोर बसले. उंच, पांढरा सफारी, खिशाला दोन पेनं, चेहऱ्यावर असा भाव की ही बॅच आपल्यावर सूड म्हणून पाठवलीय. त्यांनी विचारलं, "दोन साबणाचे फुगे नळीने जोडले. काय होईल?" मी म्हणाले, "सर, सारखे होतील, पाणी जसं समान पातळीला येतं तसे." ते म्हणाले, "सूत्र सांग." मी धाडकन सांगितलं, 4T/r. ते म्हणाले, "मग सूत्र काय सांगतंय आणि तू काय सांगतेस?" मी गप्प. मग त्यांनी पेन टेबलावर आपटून पूर्ण लॅबला ऐकू जाईल असं सांगितलं, "मोठा छोट्याला खातो. छोटा शून्य होतो, संपतो. लक्षात ठेव, जगात पण असंच असतं." जगात पण असंच असतं! अहो मी सतरा वर्षांची, पायात नवी चप्पल चावतेय, समोर ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोप, आणि हे मला जग शिकवतायत.

(हशा)

मार्क किती गेले ते आता आठवत नाही... आठवतंय, तीन गेले. पण मार्कांचं राहू दे. ‘छोटा शून्य होतो’ हे वाक्य डोक्यात बसलं ते बसलंच. पुढे मी स्वतः शिक्षिका झाले आणि काही वर्षं हेच वाक्य मुलांना सांगितलं, चप्पल तेवढी चांगली घालायचे. क्लासच्या नोट्समध्ये तेच, गाइडमध्ये तेच, आणि आजकाल तर एक मोटिव्हेशनल प्रकार आलाय, परवाच फॅमिली ग्रुपवर कुणीतरी फॉरवर्ड केलं, फुग्यांचं चित्र आणि खाली ‘मोठे व्हा नाहीतर गिळले जाल’. मी भावजयीला फोन करून सांगितलं हे चूक आहे, ती म्हणाली ताई गुड मॉर्निंगचा मेसेज आहे तो.

तर झालं असं, की एका वर्षी मी ठरवलं, हे करूनच दाखवू. फळ्यावर दोन गोल काढून कंटाळा आला होता. आता हा प्रयोग मी काही शोधून नाही काढला. लंडनमध्ये चार्ल्स व्हर्नन बॉइज नावाच्या माणसाने १८८९-९० च्या नाताळच्या सुमारास मुलांसमोर फक्त साबणाच्या फुग्यांवर व्याख्यानं दिली होती, त्यात नळीने जोडलेले फुगे आहेतच. अफलातून माणूस. याने वितळलेल्या क्वार्ट्झचा एक टोक बाणाला चिकटवून बाण सोडला, मागे केसाहून कितीतरी बारीक धागा तयार, आणि अशा धाग्याला टांगून पुढे त्याने गुरुत्वाकर्षणाचा स्थिरांक मोजला. हे वेगळंच व्याख्यान आहे, मला आवरा.

साहित्य सांगते, घरी करायचं असेल तर. मेडिकलमधून एक थ्री-वे आणा. सलाइन लावताना तीन तोंडांचा छोटा प्लास्टिकचा नळ असतो ना, तो. मेडिकलवाला विचारतो पेशंट कुठे आहे, त्याला सांगा फुगे काढायचेत. त्याच्या दोन तोंडांना बारीक नळी, आतलं भोक २ मिलिमीटरच्या आसपास, एकूण लांबी २० सेंटिमीटर. नळीच्या दोन्ही टोकांना ज्यूसच्या स्ट्रॉचे तुकडे, साधारण ६ मिलिमीटर रुंद, म्हणजे फुगा धरायला काठ मिळतो. तिसरं तोंड फुंकायला. थ्री-वेची दांडी ज्या तोंडाकडे वळवाल ते तोंड बंद, हे एकदा हातात घेऊन बघा म्हणजे गोंधळ होत नाही. आधी एक बाजू बंद ठेवून दुसरीकडे मोठा फुगा फुंकायचा, मग दांडी त्याच्याकडे वळवून त्याला कोंडायचा आणि दुसरीकडे छोटा करायचा. शेवटी दांडी फुंकायच्या तोंडाकडे. आता दोन फुगे एकमेकांना मोकळे आणि जगाला बंद. पाणी म्हणाल तर भांडी घासायचं लिक्विड एक चमचा, पाणी दहा चमचे, ग्लिसरीन एक-दोन चमचे, आणि फेस झाला असेल तर तो बाजूला काढा.

पहिल्यांदा केलं ते स्टाफरूममध्ये, चार सहकारी बघायला, त्यातल्या एका सरांशी वडापावची पैज. दांडी फिरवली. काहीच झालं नाही. दोन्ही फुगे आपापल्या जागी मख्ख. पुन्हा केलं, पुन्हा मख्ख. सर म्हणाले, "मॅडम, समाजवाद दिसतोय." वडापाव गेला. घरी येऊन रात्री नळी दिव्यापुढे धरली तेव्हा दिसलं, आत साबणाच्या पाण्याचा एक थेंब बुचासारखा अडकला होता. एवढ्या बारीक नळीत असा थेंब भिंतीला धरून बसतो आणि त्याला हलवायला आपल्याकडे जो सहा-सात पास्कलचा फरक आहे तो पुरत नाही. म्हणून आता मी दांडी फिरवायच्या आधी नळी झटकून, फुंकून कोरडी करते आणि उजेडात बघते. फुगे हललेच नाहीत तर बूच, आणि दोन्ही एकदम लहान व्हायला लागले तर थ्री-वे नीट बंद नाही, हवा तिसऱ्या तोंडातून पळतेय. या दोन खोडी ओळखता आल्या की प्रयोग तुमचा.

दुसऱ्या दिवशी बूच नव्हतं. दांडी फिरवली, छोटा फुगा हळूहळू आक्रसायला लागला, मी विजयी चेहऱ्याने सरांकडे बघितलं, आणि परत फुग्याकडे बघते तर फुगा गायब. सर म्हणाले, "फुटला." मी म्हणाले फुटला नाही, हवा मोठ्यात गेली. ते म्हणाले, "मग मोठा मोठा का नाही झाला?" आणि खरंच, मोठा होता तसाच दिसत होता. मला घाम. दुसरा वडापाव.

हे दोन्ही मुद्दे इथे जरा नीट बघू, कारण इथेच सगळे फसतात. मोठा का नाही फुगला? अहो हिशोब करा. त्रिज्या १ आणि ३, आकारमान त्रिज्येच्या घनाच्या पटीत, म्हणजे १ आणि २७. सगळी हवा मोठ्यात गेली तरी २७ चे २८. त्याचं घनमूळ ३.०४. म्हणजे मोसंब्याएवढ्या फुग्याची त्रिज्या अर्धा मिलिमीटरसुद्धा वाढली नाही! खाल्लेलं अंगाला लागतच नाही. पुस्तकातल्या चित्रात मात्र शेवटी मोठा फुगा गणपतीच्या पोटासारखा काढलेला असतो.

आणि गायब का झाला? छोटा जसा लहान होतो तसा त्यातला दाब वाढतो, दाब वाढला की हवा आणखी जोरात जाते, आणि शिवाय आता उरलेली हवाही कमीच असते. म्हणजे वेग वाढतच जातो. ह्या माझ्या नळीसाठी हिशोब केला तर सगळं मिळून साधारण चार सेकंद लागतात. त्यातले पावणेचार सेकंद फुगा १ सेंटिमीटरवरून अर्ध्यावर यायला, आणि अर्ध्यावरून शेवटपर्यंत पाव सेकंदाच्या आत. पापणी लवायला तेवढा वेळ लागतो. मी सरांकडे विजयी चेहऱ्याने बघितलं ना, तेवढ्यात. नळी जाड घेतली असती तर सगळंच क्षणात, कारण नळीचं भोक दुप्पट केलं की वाहणं सोळापट. म्हणून बारीक नळी.

मग उपाय सुचला तो देवघरात. उदबत्ती. सिरिंजमध्ये उदबत्तीचा धूर ओढून घ्यायचा आणि छोटा फुगा त्या धुराने करायचा. चार मिलिलिटरपेक्षा किंचित जास्त ढकलला की त्रिज्या बरोबर १ सेंटिमीटर, मोजायलाही नको. आता दांडी फिरवा. पांढरा बोराएवढा फुगा आक्रसतो आणि दुसरीकडे पारदर्शक मोसंब्यात नळीच्या तोंडातून धुराची बारीक तार शिरते, समोरच्या भिंतीपर्यंत जाते आणि तिथे गोल गोल वळते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटी टाळ्या वाजवल्या. फुटला म्हणायची कुणाची टाप नाही, धूर मोठ्यात दिसतोय.

बरं आता मुद्द्यावर... किती झाली? (चिठ्ठी येते.) ‘दहा मिनिटे’. कसं शक्य आहे, आत्ता तर सुरू केलं.

तर मुद्दा. लॅबमध्ये हा प्रयोग मुलांना दाखवून मी ठरलेलं वाक्य म्हणाले, बघा, छोटा संपला, शून्य झाला. आमचे लॅबचे मामा बाजूला बीकर पुसत होते. मामांच्या भावाचं सायकलचं दुकान. ते तिथूनच म्हणाले, "मॅडम, संपला म्हणता, मग ते टोक उघडं पडलं ना? त्या तोंडाला पंक्चर म्हणजे मोठ्यातली हवा तिकडून जायला पाहिजे. मोठा तर तसाच आहे."

वर्गात शांतता. माझ्या डोक्यातही शांतता. अहो साधी गोष्ट! नळी दोन्हीकडे उघडी. छोट्या बाजूला काहीच उरलं नसेल तर मोठ्या फुग्याला बाहेरच्या हवेत सरळ रस्ता मोकळा आहे. मोठ्यात ३.३ पास्कल जास्त दाब आहे, तो कुणी अडवलाय? सफारी घातलेल्या एक्सटर्नलनी, गाइडांनी, मी, कुणी हा विचारच केला नव्हता आणि पंक्चर काढणाऱ्याच्या भावाने केला. मी भिंग आणलं, ट्यूबलाइटखाली धरलं, आणि स्ट्रॉच्या तोंडावर पडदा होता. चमकत होता, रंगांचे पट्टे हळूहळू सरकत होते. सपाट वाटावा असा, पण होता. छोटा फुगा गेलाच नव्हता. तो झाकण होऊन बसला होता.

आता हे का, ते पटकन सांगते, खरं तर हेच सांगायला आले होते, असो.

छोट्याची त्रिज्या कमी होत जाते, दाब वाढत जातो, पण हे कुठपर्यंत? फुगा स्ट्रॉच्या काठाला धरलेला आहे, काठाची त्रिज्या ३ मिलिमीटर, तो सुटू शकत नाही. म्हणून आक्रसत आक्रसत एक वेळ अशी येते की तो काठावर बरोबर अर्धा गोल होऊन बसतो, त्रिज्या ३ मिलिमीटर. त्या काठावर याच्याहून लहान त्रिज्येचा गोल बसूच शकत नाही. तिथे दाब सगळ्यात जास्त, ३३ पास्कल. घाटमाथा म्हणा. यानंतरही हवा जातच राहते, मग पडदा अर्ध्या गोलाहून चपटा होतो, आणि चपटा होणं म्हणजे तो आता मोठ्या गोलाचा छोटा तुकडा होणं! वाटीचं झाकण असतं ना थोडंसं फुगीर, ते एका भल्या मोठ्या चेंडूचा तुकडा असतं, तसं. म्हणजे वक्रतेची त्रिज्या परत वाढायला लागली, आणि त्रिज्या वाढली की दाब कमी. ३३, २०, १०, ५, आणि बरोबर ३.३ वर आला की दोन्हीकडे दाब सारखा. हवा थांबली. कुठल्या त्रिज्येला थांबली? जी मोठ्याची त्रिज्या आहे तीच, ३.०४ सेंटिमीटर. म्हणजे मी बारावीत म्हणाले होते ना, ‘सारखे होतील’? झाले ना सारखे! आकार नाही, वक्रता. तीन मार्क परत द्या मला.

(टाळ्या)

हे झाकण किती फुगीर दिसेल? ६ मिलिमीटर रुंद तोंडावर ३ सेंटिमीटर त्रिज्येच्या गोलाचा तुकडा, त्याची मधली उंची येते ०.१५ मिलिमीटर. वहीचे दीड कागद एकावर एक ठेवा, तेवढी. म्हणून कुणाला दिसत नाही आणि सगळे ‘शून्य झाला’ म्हणतात. चित्रात ते काढायचं तर जाड स्केचपेनच्या रेघेतच मावून जातं.

एक शंका नेहमी येते, दोन्ही फुगे आधीपासूनच अगदी सारखे असले तर? समतोल आहे, पण पेन्सिल टोकावर उभी करावी तसा. एकातून जराशी हवा दुसऱ्यात गेली की तो लहान, लहान झाला की दाब जास्त, दाब जास्त की आणखी हवा बाहेर, गेलाच तो. झाकणाचं बरोबर उलटं. झाकण अर्ध्या गोलाहून चपटं आहे, त्यातून जराशी हवा गेली तर ते आणखी चपटं होतं, दाब कमी होतो, आणि हवा परत येते. सावरतं ते. म्हणजे अर्धा गोल ही सीमा, त्याच्या अलीकडे सगळं घसरतं, पलीकडे सगळं सावरतं. रबरी फुग्यांना हे जसंच्या तसं लावू नका हं, रबराचा ताण फुगवत जाल तसा वाढतो, साबणाच्या पडद्याचा फुगा लहानमोठा झाला तरी जवळजवळ तेवढाच राहतो, म्हणून सगळा हिशोब इतका सरळ. रबराचे दोन फुगे जोडले तर कधी एक, कधी दुसरा, त्याचं वेगळं गणित आहे.

चिठ्ठी. ‘पाच मिनिटे, नंतर आभार’. बरं. मग दिवे घालवा, तो टेबललॅम्प राहू दे, काळा कागद मागे आहे तो सरळ करा जरा. मोठा फुगा... हां. आता धूर... सिरिंज द्या. हलू नका कुणी, त्या दाराशी कोण आहे, दार लावून घ्या. दांडी फिरवतेय. बघा. एक, दोन, तीन... गेला! दिसली तार? मागच्यांना दिसली? परत नाही करणार, वेळ नाही.

आता हे टोक बघा, भिंग घेऊन पहिल्या ओळीतल्या दोघांनी या. दिसतंय झाकण? लॅम्पचं प्रतिबिंब दिसतंय ना त्यात, म्हणजे पडदा आहे. मोठा फुगा मागच्या पट्टीवर वाचा, सहा सेंटिमीटरला जरा जास्त, बरोबर. तो तसाच उभा आहे कारण हे एवढंसं झाकण त्याला अडवून बसलंय. आता मी काडेपेटीतली कोरडी काडी घेते, ओली चालत नाही, ओली आरपार जाते आणि पडदा शाबूत. कोरडी काडी झाकणाला लावते.

फट. ऐकू नाही येणार. पण आता स्ट्रॉच्या तोंडाकडे बघा, काळ्या कागदावर. धूर येतोय? पातळ आहे, पण येतोय, अगदी संथ. मामांचं पंक्चर झालं.

मोठा लगेच लहान होणार नाही हे आधीच सांगते. रिकामं व्हायला लागणारा वेळ त्रिज्येच्या चौथ्या घाताने वाढतो, तिप्पट त्रिज्येला एक्याऐंशीपट. त्यात छोट्याला समोरून मोठ्याच्या दाबाचा थोडा अडथळा होता, याला समोर काहीच नाही, म्हणून अगदी एक्याऐंशीपट नाही, पण चारेक मिनिटं लागतील आणि माझ्याकडे दोन आहेत. पहिल्या मिनिटात त्रिज्या जेमतेम दोन मिलिमीटर उतरेल, तुम्ही म्हणाल काही होतच नाहीये. शेवटच्या मिनिटात बघण्यासारखं असतं.

तर आभाराला कोण येतंय त्यांनी या, पण पलीकडून या, टेबलाला धक्का नको. आणि पहिल्या ओळीतल्या त्या ताई, तुम्ही घड्याळ लावलंत ना? साडेपाच सेंटिमीटर झाला की हात वर करा.

(आभार चालू असताना हात वर झाला.)